पन्नाशीनंतर पोट कमी करताना गुडघा दुखावला: आता वेग किती ठेवावा आणि ताकदीचा व्यायाम कुठून सुरू करावा?

जिना_उतरताना

माझे वय ५४, उंची १७२ सेंटिमीटर, आणि काम दिवसभर खुर्चीत बसून करण्याचे. अडीच महिन्यांपूर्वी वजन ९१ किलो आणि बेंबीच्या रेषेवर कंबर १०८ सेंटिमीटर भरली, तेव्हा एकदम मनावर घेतले. आहार मोजून दिवसाला १२०० कॅलरींवर आणला आणि आठवड्यातून सहा दिवस पाच-पाच किलोमीटर धावू लागलो. पहिल्या तीन आठवड्यांत साडेचार किलो उतरले, त्यामुळे हुरूप वाढला. पाचव्या आठवड्यात उजवा गुडघा पुढच्या बाजूने, वाटीच्या आसपास दुखू लागला. चढताना फारसे जाणवत नाही, पण जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना नेमके कळते. सूज नाही, गुडघा अडकत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून ‘वयाप्रमाणे थोडी झीज आहे’ असे सांगितले आणि तूर्त धावणे बंद करायला लावले. धावणे सुटले तसा आहारही सुटला आणि आज वजन ८८.५ आहे. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, मधुमेह नाही.

चार महिन्यांत ७२ किलोवर यायचे ठरवले होते. हे शक्य आहे का, आणि असा गुडघा असताना ताकदीचा व्यायाम करावा का, केल्यास कोणता, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

लोखंड_आणि_मी

साहेब, पन्नाशीनंतर चयापचय निम्म्यावर येतो आणि पुरुषी हार्मोन घटते, हे मूळ दुखणे आहे. म्हणून धावून काही होणार नाही, वजने उचलावीच लागतील. मी ५२ व्या वर्षी सुरुवात केली. खांद्यावर बार घेऊन पूर्ण खाली बसण्याचे स्क्वॉट, पाच सेट, प्रत्येकी पाच रेप्स, आठवड्यातून तीन दिवस. स्नायू वाढले की चरबी आपोआप जळते. गुडघ्याचे दुखणे स्नायू कमजोर असल्याचे लक्षण आहे, त्याला घाबरून बसू नका. नाडी मात्र २२० वजा वय, म्हणजे तुमच्या बाबतीत १६६ च्या वर जाऊ देऊ नका.

पहाट_फेरी

तुम्हाला मुख्यतः पोटच कमी करायचे आहे ना? मग रोज शंभर क्रंचेस करा, गुडघ्यावर भारही येत नाही.

मंद_पण_रोज

मी बावीस वर्षे फिजिओथेरपी केली आहे आणि माझ्याकडे आलेल्या पन्नाशीच्या पुरुषांपैकी बरेचसे धागाकर्त्यांसारखेच, म्हणजे उत्साहाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात आलेले असत. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम हिशेब. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. सोळा आठवड्यांत साडेसोळा किलो म्हणजे आठवड्याला किलोहून थोडे अधिक, अर्थात रोज ११०० ते ११५० कॅलरींची तूट. आपली उंची, वजन, वय आणि बैठे काम पाहता आपला रोजचा खर्च ढोबळमानाने २३०० ते २४०० च्या आसपास असावा. त्यातून एवढी तूट काढली की हातात उरतात साधारण १२००, आणि नेमक्या तिथेच आपण पहिल्या खेपेला अडकलात. एवढ्या कमी आहारात शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्चून टाकते, विशेषतः ताकदीचा व्यायाम नसेल तर. आणि पहिल्या तीन आठवड्यांतले साडेचार किलो ही सगळी चरबी नव्हतीच. आहार एकदम कापला की स्नायूंतील आणि यकृतातील साठवणीची साखर उतरते, तिच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जाते, आणि काटा आपल्याला खूश करतो. तोच काटा आहार सुटल्यावर चार दिवसांत दीड-दोन किलो परत दाखवतो, तेव्हा माणूस उगाचच खचतो.

माझ्या मते आपल्यासाठी आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे ४०० ते ४५० ग्रॅम हा वेग धरावा. त्यासाठी रोज सुमारे ५०० कॅलरींची तूट पुरते, म्हणजे आहार १८०० ते १९०० च्या दरम्यान. चार महिन्यांत सहा-सात किलो जातील, म्हणजे आपण ८२ च्या आसपास याल. ७२ चा आकडा वर्षभराच्या पुढचा समजा, किंवा तो आकडाच तूर्त बाजूला ठेवून कंबर मोजा. सहा-सात किलो ऐकायला थोडे वाटतात, पण गुडघ्यासाठी ते थोडे नाहीत. गुडघ्याची झीज असलेल्या वजनदार व्यक्तींवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की वजन एक किलो घटले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. आता दिवसभरातली पावले मोजून पाहा.

क्रंचेसबद्दल एवढेच, की पोटाचा स्नायू दमल्याने त्याच्यावरची चरबी निवडून जळत नाही.

लोखंड_आणि_मी

म्हणजे चयापचयाचे मी म्हटले ते चूक का? सगळेच तसे सांगतात.

मंद_पण_रोज

स्नायूंबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, कारण बरोबर नाही. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापे एकत्र करून मांडली गेली. शरीराचा आकार आणि स्नायूंचे प्रमाण हिशेबात धरल्यावर विशीपासून साठीपर्यंत खर्च जवळजवळ स्थिर राहतो आणि साठीनंतर हळूहळू उतरतो, असे त्यात दिसले. पन्नाशीत चयापचय ‘निम्म्यावर’ येत नाही. स्नायू मात्र घटलेले असतात आणि आपण दिवसभर हलतोही कमी. पोट सुटते ते बहुधा यामुळे, आणि सुदैवाने यातले दोन्ही आपल्या हातात आहे. हार्मोनची घट काहींना असते, पण ती रक्त तपासून ठरवायची गोष्ट आहे, कंबरेवरून नव्हे.

नाडीबाबत एक सावधगिरी. रक्तदाबाच्या गोळ्यांतला बीटा-ब्लॉकर नावाचा प्रकार नाडीला वर जाऊच देत नाही. ती गोळी असेल तर २२० वजा वय हे गणित फसवे ठरते, कारण माणूस पार दमलेला असतो आणि घड्याळ ११० दाखवत असते. त्यापेक्षा चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा जोर पुरे. आपली गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारून घ्या, आणि ताकदीचा व्यायाम सुरू करतो आहे हेही त्यांच्या कानावर घाला. व्यायाम करताना छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ अथवा विनाकारण घाम आला तर तो दिवस व्यायामाचा नाही, तडक दवाखान्याचा आहे.

निवांत_५८

वेगाविषयी स्वतःचे सांगतो. मी ५६ व्या वर्षी दोन महिन्यांत चौदा किलो उतरवले, जवळजवळ द्रवाहारावर. सगळे कौतुक करीत होते. नवव्या आठवड्यात रात्री जेवणानंतर उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की दाराला धरून उभा राहिलो. पित्ताशयात खडे निघाले. वजन झपाट्याने उतरवले की खडे होण्याचा धोका वाढतो, हे मला शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी समजले. शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात त्यातले नऊ किलो परत आले ते वेगळेच.

संध्याछाया

मी यजमानांसाठी विचारते आहे. ते ५९ वर्षांचे आहेत, गुडघे जवळजवळ रोज कटकट वाजतात आणि तेवढ्यासाठी त्यांनी खाली बसणेच सोडले आहे. अशा वेळी शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो, असे त्यांना वाटते. धागाकर्त्यांचीही शस्त्रक्रियेची वेळ आली आहे का?

मंद_पण_रोज

ताई, धागाकर्त्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विषयच नाही. आवाज येतो पण दुखत नाही, सूज नाही, तर त्या आवाजाला घाबरून बसणे-उठणे सोडू नये, कारण सोडल्याने मांडीचा स्नायू रोडावतो आणि मग खरोखर दुखू लागते. एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ तर पुष्कळदा बसतच नाही. चित्र वाईट आणि माणूस मजेत, किंवा उलटही असते. गुडघा सुजला, लाल-गरम झाला, मध्येच अडकला, चालताना दगा देऊन वाकला किंवा रात्री पडल्या जागी दुखू लागला, तर मात्र प्रत्यक्ष तपासणी हवी.

आता मूळ प्रश्नाकडे. जिना उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणत ताणत भार पेलावा लागतो आणि वाटी मागच्या हाडावर जोराने दाबली जाते. म्हणून चढण्यापेक्षा उतरणे दुखते. उपाय त्याच हालचालीत आहे, फक्त मात्रा कमी करून घ्यायची. मी सर्वांना खुर्चीवरून उठबस करायला सांगतो आणि ती सर्वांना फार किरकोळ वाटते.

बिनहाताची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा आणि तिच्यावर दोन घट्ट उशा ठेवून बैठक उंच करा. पावले खांद्याएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. अंग पुढे झुकवून नाक पावलांच्या बोटांवर आले की उठा. खाली येताना मनात तीन आकडे मोजा आणि उशीला नुसता स्पर्श करून पुन्हा उठा. कान खुर्चीकडे ठेवा. शेवटच्या चार बोटांच्या अंतरात ‘धप्’ असा आवाज झाला, तर तेवढ्या अंतरात आपला स्नायू भार पेलत नाही, आपण पडत आहोत, असे समजा आणि आणखी एक उशी ठेवा. आठ वेळा करून दोन मिनिटे थांबायचे, असे तीन सेट. प्रत्येक सेट संपताना ‘अजून दोन जमले असते’ असे वाटले पाहिजे. चार-पाच जमले असते असे वाटले तर फार सोपे, एकही जमले नसते तर फार अवघड. श्वास कोंडू नका, उठताना सोडा. रक्तदाबाच्या माणसाने श्वास रोखून जोर लावला की दाब क्षणात उसळतो. आठाचे बारा सहज होऊ लागले की एक उशी काढा आणि पुन्हा आठपासून सुरू करा. दोन्ही उशा गेल्या की छातीशी डंबेल धरा.

त्याच्या जोडीला तीनच गोष्टी पुरेत. टेबलाच्या कडेवर हात टेकून जोर, दारात घट्ट अडकवलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणे, आणि पाठ सरळ ठेवून नितंब मागे सारत कमरेतून वाकून वजन उचलणे. या शेवटच्या प्रकारात गुडघा थोडाच वाकतो, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला पायांची ताकद कमवायची ही सोपी वाट आहे. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान दोन दिवसांचे अंतर. पहिल्या दोन महिन्यांत तिसरा दिवस वाढवू नका, कारण स्नायू लवकर तयार होतो, पण त्याला हाडाशी जोडणारा कंडरा मागून येतो आणि दुखणे बहुतेकदा त्या मधल्या काळात उपटते.

दुखण्याचा नियम असा. शून्य ते दहाच्या मापावर तीनपर्यंत दुखले तर चालू ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीच्या स्थितीला आला असेल तर मात्रा योग्य होती. सकाळीही आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल, तर पुढच्या वेळी व्यायाम सोडायचा नाही, एक उशी वाढवायची आणि एक सेट कमी करायचा.

लोखंड_आणि_मी

उशांवर उठबस करून कुणाचे स्नायू वाढल्याचे मी तरी पाहिलेले नाही. पण ‘धप्’ची खूण घरी करून पाहिली. साठ किलोंचा बार खांद्यावर घेणारा मी, नुसत्या खुर्चीवर शेवटी धपकन बसतो, हे कबूल करतो.

मंद_पण_रोज

कबुलीबद्दल आभार. १९९० मध्ये बोस्टनमधील एका शुश्रूषागृहात ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला होता, आणि त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यांनीही भार आपापल्या कुवतीनुसार सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवला होता. आपला बार चुकीचा नाही, तो या गृहस्थांसाठी आजचा नाही एवढेच.

धाव_एकसष्ट

मी ६१ वर्षांचा आहे आणि तीस वर्षे धावतो आहे, म्हणून धावण्याची बाजू मांडतो. धावल्याने गुडघे झिजतात हा समज आहे. माफक धावणाऱ्यांमध्ये झीज जास्त आढळत नाही, हे आता बऱ्यापैकी मान्य झालेले आहे. धागाकर्त्यांची चूक धावणे ही नसून शून्यावरून थेट आठवड्याला तीस किलोमीटर ही आहे. दहा आठवड्यांनी त्यांनी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे सुरू करायला हरकत नसावी.

मंद_पण_रोज

निदान अगदी बरोबर. मुदतीबाबत मात्र मी आठवडे मोजणार नाही. जिना उतरताना दुखणे एकवर येईपर्यंत आणि एका पायावर खुर्चीतून पाच वेळा उठता येईपर्यंत मी थांबलो असतो. काहींना त्याला सहा महिने लागतात.

धाव_एकसष्ट

एका पायावर उठणे मलाही पाच वेळा जमत नाही आणि मी दर रविवारी पंधरा किलोमीटर धावतो. ही अट अंमळ कडक वाटते.

जिना_उतरताना

सर्वांचे आभार. सहा आठवड्यांनी हकीकत लिहितो आहे.

गोळी बीटा-ब्लॉकरच निघाली, त्यामुळे घड्याळाकडे पाहणे सोडले. आहार १८५० कॅलरींच्या आसपास ठेवला, रोज चाळीस मिनिटे सपाट रस्त्याने चाललो आणि आठवड्यातून दोन दिवस चार व्यायाम केले. सुरुवातीला दोन उशांवरही ‘धप्’ होत होते, तीन लागल्या. आता एका उशीवर दहा रेप्सचे तीन सेट होतात. मधल्या एका आठवड्यात उत्साहाने दोन उशा एकदम काढल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा चारवर होता. नियमाप्रमाणे परत मागे आलो, तीन दिवसांत उतरला. जिना उतरतानाचे दुखणे सहावरून दोनवर आले आहे.

वजन रोज सकाळी घेऊन आठवड्याची सरासरी काढली. ती अशी: ८८.४, ८७.८, ८७.९, ८७.८, ८७.०, ८६.५. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात काटा हललाच नाही आणि आहार १४०० वर आणण्याचा मोह झाला होता. पण त्याच काळात कंबर १०६ वरून १०४ वर आली होती, म्हणून थांबलो. असे का झाले असावे? आणि प्रथिने किती घ्यावीत, हे कुणी सांगितलेच नाही.

मंद_पण_रोज

थांबलात ते फार बरे केले. नवा ताकदीचा व्यायाम सुरू झाला की स्नायू डागडुजीसाठी पाणी धरून ठेवतात आणि चरबी उतरत असतानाही काटा दोन-तीन आठवडे जागच्या जागी राहतो. म्हणून कंबर दर पंधरा दिवसांनी, सकाळी, श्वास सोडून, बेंबीच्या रेषेवर मोजावी. सरासरी आणि कंबर दोन्ही सलग चार आठवडे अडली, तरच आहारातून शंभर-दीडशे कॅलरी कमी कराव्यात. एरवी हात लावू नये.

प्रथिनांचे राहूनच गेले. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे आपल्याला दिवसाला साधारण १०५ ते १४० ग्रॅम. एकाच जेवणात भर न घालता तीन जेवणांत वाटून घ्यावीत. मात्र आपण रक्तदाबाचे रुग्ण आहात, तेव्हा मूत्रपिंडाचे कार्य तपासून मगच वरच्या टोकाला जावे. तिथे बिघाड असेल तर हे प्रमाण लागू नाही.

आणखी एक. वजन उतरू लागले की रक्तदाबही उतरतो आणि जुनी मात्रा जास्त होऊ शकते. बसून एकदम उठताना अंधारी आली तर घरी दाब मोजून तो आकडा डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका. बीटा-ब्लॉकर तर एकाएकी सोडणे धोक्याचे असते.

संध्याछाया

यजमान कालपासून तीन उशांवर उठबस करू लागले आहेत. आवाज येतो, दुखत नाही. पण त्यांचा डावा खांदा वर जात नाही, टेबलावरचे जोर त्यांनी करावेत का?

मंद_पण_रोज

टेबलाऐवजी भिंतीवर हात छातीच्या उंचीला टेकवून सुरुवात करू द्या, कोपरे शरीराजवळ ठेवून. हात दुसऱ्याने धरून उचलला तरीही वर जात नसेल, तर खांदा आखडला असण्याची शक्यता आहे आणि तो आधी कुणीतरी प्रत्यक्ष हाताने तपासायला हवा. इथून सांगता येणार नाही.

जिना_उतरताना

अंधारी दोनदा आली होती, दोन्ही वेळा सकाळी अंथरुणातून उठताना. मी ती कमी खाण्यावर ढकलली होती. उद्यापासून दाब लिहून ठेवतो आणि आठवडाभराचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जातो. धावण्याबद्दल तुम्हा दोघांचे एकमत होईपर्यंत शेवटच्या उशीवरच आहे.